लाम आणि अलिफ शेजारी आले की काय होतं

प्रश्न: उर्दू वाचायला शिकतोय. लाम आणि अलिफ शेजारी आले की पुस्तकात भलताच आकार दिसतो, हाताने लिहिणारे आणखी वेगळं काढतात, आणि पीडीएफमधून कॉपी केलं तर शब्दच बदलून जातो. हे नक्की काय आहे, आणि अशा अजून किती जोड्या पाठ कराव्या लागतील?

उत्तर:

पाठांतराचं टेन्शन आधी काढून टाका. सक्तीची जोडी एकच आहे, ती म्हणजे लाम-अलिफ. भाषा अरबी असो, फारसी असो की उर्दू, आणि वळण नस्ख असो की नस्तालीक, लामच्या पाठोपाठ अलिफ आला की दोघांचा मिळून ठरलेला आकार काढावाच लागतो, तिथे लिहिणाऱ्याला सवलत नाही. बाकीच्या ज्या जोड्या तुम्हाला वेगळ्या दिसतात त्या त्या-त्या वळणाच्या सवयी आहेत, त्या वाचून वाचून डोळ्यात बसतात. मी उर्दू-अरबी मजकुराचं डीटीपी करतो, त्यामुळे पहिले हातातलं सांगतो आणि मग कॉम्प्युटरवर येतो, कारण तुमचा पीडीएफवाला त्रास समजायला हातातलं आधी समजलेलं असावं लागतं.

लाम शब्दाच्या सुरुवातीला किंवा मधे असला की ती एक उभी रेघ असते आणि खालच्या ओळीवरून ती डावीकडे पुढच्या अक्षराला जाऊन भिडते. आधीच्या अक्षराला जोडलेला अलिफ पण तेच, खालच्या ओळीवरून वर गेलेली एक उभी रेघ. आता हे दोघं काही न बदलता शेजारी ठेवले तर काय मिळतं, दोन सारख्या उंचीच्या उभ्या रेघा आणि खालून जोडलेल्या, आणि वाचणारा ते लाम-लाम वाचणार, कारण दोन लाम पाठोपाठ आले की अगदी असंच दिसतं. म्हणून अलिफ तिरका करायची पद्धत पडली, आणि ती फार जुनी आहे, अगदी सुरुवातीच्या काळातल्या कुराणाच्या हस्तलिखितांमधे पण लाम-अलिफ स्वतंत्र आकार म्हणूनच काढलेला दिसतो. मुलांच्या अरबी कायद्यात, म्हणजे अक्षरओळखीच्या पुस्तकात, शेवटाकडे लाम-अलिफ कित्येकदा वेगळं अक्षर असल्यासारखं छापलेलं असतं, ते पण याच कारणाने, मुलाला तो आकार एक म्हणून ओळखता यावा.

नस्खमधे, म्हणजे कुराण आणि अरबी पुस्तकं ज्यात छापतात त्या वळणात, याचे दोन आकार लक्षात ठेवा. लामच्या आधी काही जोडलेलं नसेल तर दोन्ही रेघा खाली एकमेकींत गुंततात आणि तळाशी छोटी घडी किंवा बंद त्रिकोण तयार होतो. आधीचं अक्षर जोडून येत असेल तर घडी नसते, उजवीकडे लामची रेघ आणि डाव्या बाजूने वरून तिरका येऊन तिच्या पायाशी मिळालेला अलिफ. नस्तालीकमधे, म्हणजे आपल्याकडची उर्दू ज्यात छापतात त्यात, घडी बहुतेक नसतेच, लाम खाली येऊन डावीकडे जरासा वळतो आणि त्या वळणात अलिफ उतरतो. हाताने भराभर लिहिणारे तेवढं वळण पण काढत नाहीत, एक रेघ खाली आणून टोकाशी वळवतात आणि अलिफ वेगळा ओढून टेकवतात. तुम्हाला जे आणखी वेगळं दिसतंय ते हेच.

ओळखायची खात्रीची खूण म्हणजे पुढची फट. अलिफ डावीकडे कुणालाच जोडत नाही, त्यामुळे लाम-अलिफनंतर जे अक्षर येईल ते नव्याने सुरू होतं. सलाम घ्या, अक्षरं चार आहेत, सीन, लाम, अलिफ, मीम, पण डोळ्याला तीन वस्तू दिसतात, सीन, त्याला चिकटलेला लाम-अलिफ, आणि मग फट सोडून एकटा मीम. लाहोरमधे पहिल्यांदा लाम-अलिफ, मग फट, मग हे आणि वाव जोडलेले, आणि परत फट सोडून रे. सुरुवातीला असे पंचवीस-तीस शब्द घेऊन फटी मोजत वाचा, सलाम, कलाम, गुलाम, इलाज, खिलाफ, बला, लाल, याने जेवढा फायदा होतो तेवढा आकार गिरवत बसून होत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण पुढे लागणार आहे. घडीवाल्या आकारातली लामची रेघ कुठली आणि अलिफची कुठली यावर जुन्या व्याकरणकारांमधे खरोखरचा मतभेद होता. अंदलुसचे कुराणविद्येचे विद्वान अबू अम्र अद-दानी (मृत्यू 1053) यांनी तो नोंदवून ठेवलाय. खलील इब्न अहमद यांचं म्हणणं, उजवीकडचं टोक अलिफचं आणि डावीकडचं लामचं, कारण दोन रेघा एकमेकींवरून गुंफल्या की वरची टोकं अदलाबदल होतात. अखफश यांचं म्हणणं उलट, जे आधी उच्चारतो ते आधी, म्हणजे उजवी लाम. वाद नुसता पुस्तकी नव्हता, अलिफवर हमझा काढायचा झाला तर तो कुठल्या टोकावर काढायचा ते यावर ठरतं. मोरोक्कोकडच्या परंपरेतली कुराणं खलीलचं ऐकतात, आणि आपण जी पूर्वेकडची छपाई बघतो त्यात हमझा किंवा मद्द डावीकडच्या रेघेवर येतो. तुम्ही डावीकडची रेघ अलिफ धरून चाला.

आता बाकीच्या जोड्या. उर्दूत लाम-अलिफनंतर सगळ्यात जास्त अडवतो तो काफ आणि गाफ. त्यांच्यापुढे अलिफ किंवा लाम आला की नस्तालीकमधे काफची नेहमीची सरळ बैठक जाते आणि तिथे एक गोल वळण येतं, का, गा, कल, गुल या सगळ्यांत हाच गोल काफ असतो. उर्दूत ‘का’ जवळजवळ प्रत्येक वाक्यात येतो त्यामुळे हा आकार आठवड्याभरात ओळखीचा होतो. कलाम या शब्दात दोन्ही एकत्र आहेत, गोल काफ आणि त्याला लागून लाम-अलिफ, हा शब्द नीट निरखून बघा. दुसरी अडचण बे, पे, ते, नून, ये या दातेवाल्या अक्षरांची, पुढे जीम आहे, मीम आहे की रे आहे त्यावर त्यांचा दात लहान-मोठा होतो, वर चढतो, तिरका होतो, पण नुक्ते जागेवर राहतात, तेव्हा नुक्ते धरून वाचा आणि दाताकडे लक्ष देऊ नका. तिसरी, हाताने लिहिलेल्या सीनला कित्येकदा तीन दाते नसतातच, नुसती लांब ओढलेली रेघ असते. नस्तालीकमधे हे सगळं इतकं एकमेकांवर अवलंबून आहे की अहमद मिर्झा जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर 1981 साली नूरी नस्तालीक हा फॉन्ट आणला तेव्हा अक्षरांऐवजी जोडलेल्या अक्षरांचे पूर्ण गट, हजारोंच्या संख्येने, हाताने काढून मशीनमधे भरावे लागले. तोपर्यंत उर्दू वर्तमानपत्रं कातिबांच्या, म्हणजे मजकूर हाताने लिहून देणाऱ्यांच्या, हातची असायची.

आता कॉम्प्युटर. इथे एकच गोष्ट पक्की धरायची, मजकुरात साठवायची ती दोन अक्षरं, आणि जोडलेला आकार हे फॉन्टचं काम. मराठी टाईप करताना आपण तेच करतो, क, हलन्त आणि ष टाईप केलं की क्ष फॉन्ट काढतो, आपण क्षचं चित्र साठवत नाही. फरक इतकाच की आपल्याकडे हलन्त टाईप करून जोड मागावा लागतो आणि अरबी लिपीत न मागता जोड होतो.

```
U+0644  लाम
U+0627  अलिफ
दोन्ही मिळून पडद्यावर: لا
```

गोंधळ सुरू होतो तो युनिकोडमधे तयार आकारांचे पण कोड आहेत म्हणून. जुन्या सिस्टिमशी जुळवून घेण्यासाठी ते ठेवले गेले. लाम-अलिफचा सुटा आकार U+FEFB आणि जोडून येणारा U+FEFC, शिवाय मद्दवाला, वर हमझावाला आणि खाली हमझावाला अलिफ धरून U+FEF5 ते U+FEFC असे एकूण आठ. नव्या मजकुरात हे वापरायचे नसतात. त्यात सगळ्या जोड्या पण नाहीत, कुर्दी भाषेत लामला खूण लावलेलं वेगळं अक्षर आहे, त्याच्यापुढे अलिफ आला की जोड तसाच व्हायला हवा पण त्याला तयार कोड नाही. अरबी कीबोर्डवर `b` च्या जागी लाम-अलिफची आख्खी एक की असते, टाईपरायटरपासून चालत आलेली, आणि ती बघून लोकांना वाटतं की हे एकच अक्षर आहे, पण विंडोजमधे ती की दाबली तरी मजकुरात दोन अक्षरं जातात, आणि तेच बरोबर आहे. उर्दू फोनेटिकवर ल आणि अ वेगवेगळे दाबायचे, तिथे हा प्रश्न येतच नाही.

जोड कधी तुटतो ते मुल्ला या आडनावावरून बघा, आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडे भरपूर आहे आणि लग्नपत्रिकेत उर्दूतून हवं असतं.

```
U+0645  मीम
U+0644  लाम
U+0651  तश्दीद
U+0627  अलिफ
```

बघा, लाम आणि अलिफच्या मधे तश्दीद येऊन बसली. तश्दीद ही वरची खूण आहे, ती अक्षर नाही, तेव्हा फॉन्टने ‘मधली खूण सोडून पुढे बघ’ असं धरून जोड करायला हवा आणि तश्दीद उजवीकडच्या लामवर बसवायला हवी. फॉन्टमधे ही सूचना राहून गेली असेल तर सलाम छान दिसतो आणि मुल्ला फुटतो, दोन समांतर काठ्या उभ्या राहतात. काही फॉन्टमधे जोड होतो पण तश्दीद सरकून अलिफवर जाते, ती चूक जास्त वाईट कारण लांबून कळत नाही. म्हणून नवा फॉन्ट हातात आला की मी सलाम टाईप करून बघत नाही, मुल्ला टाईप करतो, तश्दीदसकट.

दुसरं कारण म्हणजे हेडिंग ताणण्याची हौस. अरबी लिपीत अक्षरांमधली रेघ लांबवायला कशीदा नावाची खूण टाकतात, U+0640, ती लाम आणि अलिफच्या मधे पडली की जोड गेलाच. सलाम ताणायचा असेल तर सीन आणि लामच्या मधे ताणा. तिसरं कारण सॉफ्टवेअर. इनडिझाइनमधे पॅराग्राफच्या मेनूत `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेलं नसेल तर अक्षरं सुटी सुटी आणि डावीकडून उजवीकडे पडतात, सलाम उजवीकडून वाचायला गेलं तर मीम अलिफ लाम सीन असा दिसतो.

आणि इथूनच तुमच्या पीडीएफचा त्रास सुरू होतो. सुटी अक्षरं पडली की घाईत असलेला माणूस ऑनलाइन एखादा कन्व्हर्टर शोधतो, तो मजकूर उलटा करून प्रत्येक अक्षराच्या जागी तयार आकाराचा कोड टाकतो. कागदावर छापून आलं की सगळं बरोबर दिसतं. पण फाइलच्या पोटात सलाम हा शब्द मीमचा आकार, लाम-अलिफचा आकार, सीनचा आकार असा उलटा बसलेला असतो. कन्व्हर्टर न वापरता बनवलेल्या पीडीएफमधेही पानावर आकार पुष्कळदा डावीकडून उजवीकडे याच क्रमाने ठेवलेले असतात, त्यामुळे कॉपी करताना वाचणाऱ्या प्रोग्रामला ते उलटवून घ्यावे लागतात. आता तो प्रोग्राम काय करतो ते नीट बघा. लाम-अलिफच्या एका आकाराची त्याने आधी दोन अक्षरं केली, लाम, अलिफ, ही जोडी आतून सरळ क्रमात आहे. मग त्याने आख्खी ओळ उलटवली. बाकी सगळी अक्षरं सरळ झाली, पण ही जोडी आधीच सरळ होती ती उलटी झाली, अलिफ, लाम. सीन, अलिफ, लाम, मीम. सलामचा सालिम झाला.

पायथॉन येत असेल तर स्वतः करून बघा, दुसऱ्या ओळीत उलटे साठवलेले आकार आहेत आणि NFKC म्हणजे तयार आकार फोडून साधी अक्षरं करायची युनिकोडची पद्धत:

```python
import unicodedata as u
t = "\ufee1\ufefc\ufeb3"
print(u.normalize("NFKC", t)[::-1])   # سالم  चूक
print(u.normalize("NFKC", t[::-1]))   # سلام  बरोबर
```

शेवटच्या दोन ओळींत फरक फक्त क्रमाचा आहे. आधी उलटवायचं आणि मग आकार फोडून अक्षरं करायची, हा क्रम चुकला की प्रत्येक लाम-अलिफ बिघडतो आणि बाकी एकही अक्षर बिघडत नाही. म्हणूनच हे पटकन सापडत नाही. आणखी एक, ओळीत आकडे असतील तर आख्खी ओळ उलटवू नका, आकडे या लिपीत पण डावीकडूनच लिहितात, 1947 चा 7491 होईल, तेव्हा आकडे बाजूला काढून फक्त अक्षरांचे तुकडे उलटवा. आणि NFKC ने इतरही चिन्हं बदलतात, उदाहरणार्थ पैगंबरांच्या नावापुढे जे एका कोडचं दुआचं चिन्ह टाकतात त्याची 18 अक्षरं होतात, तेव्हा मूळ फाइलची कॉपी ठेवून मगच चालवा.

यातला सगळ्यात मोठा धोका हा की चुकलेला शब्द पण बऱ्याचदा खराखुरा शब्द असतो. सालिम हे नाव आहे. कलामचा कालम होतो, म्हणजे एखाद्या शायराच्या कवितेच्या जागी वर्तमानपत्राचा कॉलम. बलाचा बाल होतो, संकटाचे केस. स्पेलचेकर यातलं काहीच पकडत नाही. गुलाम आणि इस्लाम मात्र बिघडल्यावर अर्थ नसलेलं काहीतरी होतात, त्यामुळे कॉपी केलेल्या मजकुरात मी पहिले हे दोन शोधतो, म्हणजे त्यांची बिघडलेली रूपं, गैन-अलिफ-लाम-मीम आणि अलिफ-सीन-अलिफ-लाम-मीम. एक जरी सापडलं तरी आख्खी फाइल संशयित धरायची. त्याहून सोपी तपासणी म्हणजे मजकुरात लाम-अलिफ शोधा, उर्दूच्या भरलेल्या पानावर तो एकदाही नाही असं क्वचितच होतं, सगळ्या फाइलमधे शून्य सापडले तर समजा उलटे झालेत.

मग सरळ शोधून-बदलून टाकू का असं वाटेल, ते करू नका. अलिफ-लाम हा क्रम पण तितकाच नेहमीचा आहे, साल, माल, हाल, खयाल, सवाल, आणि अरबी शब्दांच्या सुरुवातीचा अल वेगळाच. सरसकट बदललं तर सालचा सला होईल, हालचा हला होईल आणि आधी जे बरोबर होतं ते बिघडेल. मजकुरावरून कुठला अलिफ-लाम मुळातला आणि कुठला उलटलेला हे मशीनला कळायचा मार्ग नाही, प्रत्येक जागा वाचणाऱ्या माणसालाच ठरवावी लागते. म्हणून पहिला उपाय मूळ फाइल मागणं, इनपेजची, वर्डची, जी असेल ती. ती मिळत नसेल तर तीच पीडीएफ दुसऱ्या प्रोग्रामने उघडून कॉपी करून बघा, सगळे प्रोग्राम एकाच क्रमाने काम करत नाहीत, एकात बिघडतं ते दुसऱ्यात नीट येऊ शकतं, आणि बरोबर आलंय का ते गुलामवरून लगेच कळतं. तेही नाही जमलं तर छापील पान शेजारी ठेवून फक्त अलिफ-लामच्या जागा एकेक तपासायच्या, सगळा मजकूर परत वाचायची गरज नाही कारण बिघडलेल्या जागा तेवढ्याच असतात. गझलांचं पुस्तक असेल तर वजनात म्हणून बघा, सलामच्या जागी सालिम आला की पहिलं अक्षर दीर्घ होतं आणि मिसरा तिथेच अडखळतो, पानाकडे न बघता सुद्धा निम्म्या जागा अशा सापडतात.

मराठीत हाच प्रकार दऱ्याच्या ऱ्यला होतो, काही लोक र, हलन्त, मग U+200D ही न दिसणारी खूण आणि मग य टाईप करतात, आणि एखाद्या सिस्टिमने न दिसणारी खूण काढून टाकली की दऱ्याचा दर्या होतो. तिथे ऱ या वेगळ्या अक्षराने, U+0931 ने, टाईप केलं तर तो धोका राहत नाही. लाम-अलिफला तशी पळवाट नाही, तेव्हा उर्दू मजकूर कुणाला पाठवताना पीडीएफच्या बरोबर साधी टेक्स्ट फाइल पण पाठवा, आणि पाठवायच्या आधी त्यात U+FE70 ते U+FEFC मधला एखादा कोड घुसलाय का ते शोधून घ्या.